‘होप धिस मेल फाइंड्स यू वेल’च्या जागी काय लिहायचं?

कामाचा मेल इंग्रजीत लिहायला बसलं की ‘डिअर सर’नंतर स्वल्पविराम पडतो आणि बोटं आपोआप पुढचं वाक्य टाइप करतात: ‘होप धिस मेल फाइंड्स यू वेल.’ बिल थकलंय, नोकरीसाठी अर्ज करायचाय, परदेशी ग्राहकाला माल उशिरा येणार असं कळवायचंय, सगळीकडे सुरुवात हीच. वाचणाराही ती वाचत नाही. त्याची नजर सरळ दुसऱ्या ओळीवर जाते. या ओळीच्या जागी नेमकं काय लिहायचं, ते कसं ठरवायचं आणि ती कुठे राहू द्यायची, हे इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं इंग्रजी मेलचीच घेतली आहेत, कारण ही सवय तिकडची आहे. मराठी मेलबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

ही ओळ मुळात वाईट नव्हती. पत्र पोहोचायला आठवडे, महिने लागत तेव्हा समोरचा माणूस खुशाल आहे की नाही, हीच मोठी बातमी असे. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतही ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ अशा धर्तीचा मजकूर आधी येतो आणि काम नंतर. रोमन लोक पत्राच्या सुरुवातीला ‘तू बरा असशील तर छान, मी बरा आहे’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य लिहीत. ते इतकं ठरून गेलं होतं की नुसती आद्याक्षरं लिहिली तरी चालत, जसं आपलं ‘स. न. वि. वि.’ सकाळी पाठवलेला मेल सकाळीच वाचला जातो तेव्हा मात्र या चौकशीत चौकशी उरत नाही. त्यातून समोरच्याला आपल्याबद्दल काही कळत नाही, त्याच्या स्वतःबद्दलही नाही आणि कामाबद्दल तर नाहीच.

आधी आपलेच मेल बघा

जीमेल वापरत असाल तर वरच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:sent "finds you well"
```

मग अवतरणातले शब्द बदलून `doing well` आणि `greetings of the day` यांचाही शोध घ्या. आउटलुक असेल तर पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन हेच शब्द शोधता येतात. जे मेल सापडतील त्यातले चारपाच उघडून नीट वाचा. प्रत्येकात ती ओळ काढली तर काय हरवतं, ते पाहा. बहुतेक ठिकाणी काहीच हरवत नाही. एखाददुसऱ्या ठिकाणी मात्र ती काढल्यावर मेल उघडाबोडका वाटतो. तिथे तुम्हाला खरंच काहीतरी आपुलकीचं म्हणायचं होतं आणि त्यासाठी शब्द मिळाले नव्हते. हे मेल बाजूला ठेवा, ते पुढे कामाला येतील.

दुसरी तपासणी फोनवर करायची. असा एक मेल स्वतःलाच पाठवा आणि न उघडता इनबॉक्सच्या यादीत तो कसा दिसतो ते बघा. पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि त्याखाली मजकुराची सुरुवात दिसते. (संगणकावरच्या जीमेलमध्ये ही सुरुवात दिसत नसेल तर सेटिंग्जच्या `General` विभागात `Show snippets` निवडा.) फोनच्या अरुंद पडद्यावर ही जागा फार थोडी असते. ‘डिअर सर, होप धिस मेल फाइंड्स यू वेल, आय अ‍ॅम रायटिंग टू’ एवढ्यातच ती संपते. समोरच्या माणसाच्या यादीत असे वीस मेल एकाखाली एक असतील, तर तुमचा मेल कशाबद्दल आहे हे त्याला उघडल्याशिवाय कळणार नाही. आधी कुठला उघडायचा हे तो याच जागेवरून ठरवत असतो, आणि ती जागा आपण रिकामी घालवलेली असते.

नमुना आपल्याकडेच आहे

सरकारी कचेरीला मराठीत पत्र लिहिताना ‘प्रति’ झाल्यावर ‘विषय’ येतो आणि त्याखाली ‘संदर्भ’. संदर्भात आधीच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक असतो. टेबलावरचा लिपिक ती एक ओळ वाचतो आणि कपाटातून कुठली फाइल काढायची हे त्याला समजतं. पत्रातली बाकी भाषा कितीही जड असो, ही एक ओळ चोख काम करते.

मेलच्या पहिल्या वाक्याने हेच काम करायचं आहे. वेगळा रकाना करायचा नाही, साध्या वाक्यात संदर्भ द्यायचा. म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की हा मेल कुठल्या धाग्याचा आहे आणि आत्ताच का आला. ते वाक्य सुचण्यासाठी लिहायला बसण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं मनाशी पक्की करा. यांच्याशी माझं शेवटचं बोलणं कधी आणि कशावर झालं? हा मेल वाचून त्यांनी काय करायला हवं आहे? आणि त्यांचं सध्या काय चाललंय, याबद्दल मला खात्रीने काय माहीत आहे?

पहिल्या प्रश्नाला उत्तर असेल तर सुरुवात तिथून करा. नसेल तर दुसऱ्यापासून, म्हणजे थेट कामापासून. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर क्वचित असतं, पण जेव्हा असतं तेव्हा ते बाकी दोघांच्या आधी येतं. ‘काहीच माहीत नाही’ असं उत्तर आलं तर चौकशीचं वाक्य लिहायचंच नाही. गुळगुळीत वाक्यं सगळी तिथूनच जन्मतात, माहीत काही नसताना जिव्हाळा दाखवायच्या धडपडीतून.

थकलेल्या बिलाचा मेल

हे सगळ्यात जास्त अडचणीचं ठिकाण आहे, म्हणून सविस्तर घेतो. भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक छोटा कारखाना आहे असं धरा. मसाल्याच्या कंपनीला माल दिला, ४ एप्रिलला बिल केलं, मुदत ३० दिवसांची. ४ मे उलटून गेला, पैसे आले नाहीत. १२ मे रोजी मालक मेल लिहितात, विषय ‘पेमेंट रिमाइंडर’:

```
Dear Sir,
Greetings of the day! Hope this email finds you well.
This is a gentle reminder regarding our pending payment.
Kindly do the needful.
```

हिशेब विभागात बसलेल्या व्यक्तीच्या बाजूने हे वाचा. कुठलं बिल? किती रकमेचं? कुठल्या ऑर्डरवरचं? काहीच नाही. उत्तर द्यायचं तर आधी त्यांना या कारखान्याचं खातं उघडून शोधाशोध करावी लागेल. ते काम त्या ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतात आणि मेल खाली सरकत जातो. यात त्यांचा उद्धटपणा नाही. माहिती असलेले मेल आधी निपटतात, एवढंच.

आता पहिला प्रश्न: शेवटचं बोलणं कशावर? बिलावर. म्हणून सुरुवात बिलापासून:

```
Invoice 214 of 4 April (Rs 86,400, PO 1187) was due on 4 May
and has not reached our account yet.
```

बिल क्रमांक, तारीख, रक्कम, ऑर्डर क्रमांक आणि मुदत एका वाक्यात आली. वाक्याचा कर्ता बिल आहे, ‘तुम्ही’ नाही, हेही बघा. ‘यू हॅव नॉट पेड’ लिहिलं असतं तर वाचणाऱ्या व्यक्तीवर आरोप झाला असता. पैसे अडकवणं बहुतेक वेळा तिच्या हातात नसतं.

पण हे वाक्य एकटं पाठवलं तर ते तक्रारीसारखं वाजतं, कारण दुसरा प्रश्न राहिला: त्यांनी काय करायचं? मालकाची पहिली इच्छा असते ‘आजच पैसे टाका’ म्हणायची. मेल वाचणारी व्यक्ती ते स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही. ती काय करू शकते, ते मागा. कंपन्यांत बिल साधारण दोन ठिकाणी अडकतं. एक म्हणजे गोडाऊनने माल मिळाल्याची नोंद, जिला सगळे जीआरएन म्हणतात, केलेली नसते. ती नसेल तर ऑर्डर, माल आणि बिल यांचा मेळ बसत नाही आणि बिल पुढे सरकत नाही. दुसरं म्हणजे नोंद झालेली असते, पण पैसे ठरावीक दिवशीच सुटतात आणि तो दिवस अजून यायचा असतो. म्हणून पुढचं वाक्य:

```
Could you tell me whether it is waiting for the GRN
or for the next payment run?
```

या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं. उत्तर ‘जीआरएन’ असं आलं तर मालक गोडाऊनला फोन करू शकतात, डिलिव्हरी चलनाची सही केलेली प्रत पाठवू शकतात. उत्तर ‘पेमेंट रन’ आलं तर तारीख विचारता येते. दोन्हीकडे काम पुढे जातं. खाली ‘थँक यू’ आणि नाव, मेल संपला. विषयाची ओळही बदला: `Invoice 214, due 4 May`. आता फोनच्या यादीत विषय आणि पहिली ओळ मिळून सगळी हकीकत दिसते.

उत्तर आलं नाही तर दुसरा मेल आठवड्याने, त्याच धाग्यात. तिसऱ्या वेळी, समजा २५ मे रोजी, पहिली ओळ अशी:

```
My mails of 12 and 19 May about invoice 214 are below;
the bill is now three weeks past its due date.
```

‘जेंटल रिमाइंडर’ आणि ‘जस्ट फॉलोइंग अप’ या दोन्हींपेक्षा यात जास्त वजन आहे आणि आवाजही चढलेला नाही, कारण बोलतायत त्या तारखा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार खरेदीदाराने त्यांना दिलेली मुदत लेखी करारातही ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. पण त्या कायद्याचं नाव पहिल्या मेलच्या पहिल्या ओळीत काढू नका. ज्या माणसाला अजून नीट बिल क्रमांकही सांगितलेला नाही, त्याला कलम दाखवलं की तो मेल थेट वरच्या साहेबांकडे सरकवतो आणि सोपी गोष्ट अवघड होऊन बसते. तारखांचे दोन मेल झाल्यावर तिसऱ्यात त्याचा उल्लेख करा, आणि तोही सुरुवातीला नको, शेवटी.

‘एवढं थेट बरं दिसत नाही’

ही शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. आपल्याकडे कुणाच्या घरी गेल्यावर पाणी पिण्याआधी कामाचं बोलत नाहीत. मेलमधला आदर मात्र क्षेमकुशलाच्या ओळीपेक्षा तीन ठिकाणी जास्त दिसतो. पहिलं ठिकाण संबोधन. ‘डिअर सर ऑर मॅडम’च्या जागी त्या व्यक्तीचं नाव शोधून, बरोबर स्पेलिंगने लिहिलं, की ज्याला लिहिलंय त्याची दखल घेतल्यासारखं होतं. दुसरं ठिकाण विनंतीचं क्रियापद. ‘सेंड मी’ आणि ‘कुड यू सेंड मी’ यांत जो फरक आहे तो कुठल्याही शुभेच्छेने भरून निघत नाही. तिसरं ठिकाण म्हणजे त्यांचा वेळ वाचवणं: क्रमांक आधीच देणं, जोडपत्र खरंच जोडणं, प्रश्न एकच ठेवणं.

एवढं करूनही वाक्य रुक्ष वाटलं तर एक साधी कसोटी आहे. ती व्यक्ती टेबलापलीकडे बसली आहे असं समजून पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून बघा. ‘नमस्कार मॅडम, २१४ नंबरचं बिल ४ तारखेला मिळायला हवं होतं, अजून आलं नाही’ हे तोंडाने सहज म्हणता येतं. म्हणता येत असेल तर लिहिताही येतं. म्हणताना जिथे अडखळाल, तिथेच दुरुस्ती हवी आहे.

जुनं वाक्य काढून नवं जुनंच

बदल करायला निघालेले बरेच जण त्याच वाक्याचे चुलतभाऊ आणून बसवतात. ‘ट्रस्ट यू आर डुइंग वेल’, ‘होप यू आर कीपिंग वेल’, आपल्या देशातलं लाडकं ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’, कंपनीच्या नावासकट येणारं ‘वॉर्म ग्रीटिंग्ज फ्रॉम’. शब्द बदलले, काम तेच. २०२० मध्ये साथीच्या सुरुवातीला ‘इन दीज डिफिकल्ट टाइम्स’ असं लिहिण्यात लोकांना खरी कळकळ होती. पण जो तो तेच लिहू लागल्यावर काही महिन्यांत तेही डोळ्यांना दिसेनासं झालं. म्हणून मी इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘पन्नास पर्यायी वाक्यां’च्या याद्यांचा उपयोग करू नका असंच सांगेन. यादीतलं वाक्य कुणालाही पाठवता येतं, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. आपलं पहिलं वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही असं हवं. हीच त्याची परीक्षा: समोरच्याचं नाव बदलून तोच मेल दुसऱ्याला पाठवला तर पहिली ओळ जशीच्या तशी चालेल का? चालली, तर ती बदला.

ओळख नसलेल्या माणसाला

इथे शेवटचं बोलणं असं काही नाही, म्हणून संदर्भ हाच की तुमच्याकडेच का आलो. परदेशात पीएच.डी.साठी प्राध्यापकांना लिहिणारे आपले विद्यार्थी नेमके इथे चुकतात. आधी प्रकृतीची चौकशी, मग ‘तुमच्या थोर संशोधनाने मी प्रभावित झालो’, मग स्वतःचं नाव, आणि जागेचा उल्लेख थेट तिसऱ्या परिच्छेदात. त्या प्राध्यापकांना असे मेल वर्षभर येत असतात. त्यांना पहिल्या ओळीत हवं ते एवढंच: कोण, आणि कशासाठी.

```
I am a final-year civil engineering student in Pune, writing about
the PhD position on groundwater advertised on your group's page.
```

यानंतरचं वाक्य त्यांच्या कामाबद्दल असावं. पण स्तुती नको, काहीतरी नेमकं हवं: त्यांच्या कुठल्या लेखातली कुठली पद्धत तुमच्या प्रकल्पात तुम्ही वापरलीत, किंवा वापरताना कुठे अडलात. लेख खरोखर वाचलेला असेल तरच. न वाचता नुसतं शीर्षक टाकलं तर पहिल्याच मुलाखतीत ते उघडं पडतं.

कुणी नाव सुचवलं असेल तर ते नाव पहिल्या तीनचार शब्दांत यायला हवं, कारण अनोळखी मेल उघडण्याचं तेच सगळ्यात मोठं कारण असतं. फक्त त्या सुचवणाऱ्याला आधी विचारलेलं असावं.

बऱ्याच दिवसांनी लिहिताना

दोन वर्षं संपर्क नाही आणि आता काम पडलं, तर मधल्या शांततेचं ओझं वाटतं. मग माणूस एक तर चौकशीचा पूर सोडतो किंवा लांबलचक माफी मागतो. दोन्ही नको. शेवटची भेट किंवा व्यवहार ठिकाणासकट आठवून द्या: ‘वी लास्ट स्पोक व्हेन द रत्नागिरी कन्साइनमेंट वेंट आउट, इन एप्रिल २०२३.’ एवढ्याने त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहता. पुढच्याच वाक्यात कामाचं सांगून टाका. काम आहे म्हणून लिहितोय हे त्यांना कळतंच, ते तिसऱ्या परिच्छेदापर्यंत लपवलं तर उलट ओशाळवाणं होतं.

चालू धाग्यातल्या उत्तराला तर सुरुवात लागतच नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही उत्तर द्या. आभार मानायचे तर नेमके कशाचे ते लिहा: ‘थँक्स फॉर द रिव्हाइज्ड ड्रॉइंग’. नुसतं ‘थँक यू फॉर युअर मेल’ ही त्याच जातीची रिकामी ओळ आहे. मीटिंगनंतरच्या मेलमध्येही ‘ग्रेट मीटिंग यू’ म्हणण्यापेक्षा त्यांनी सांगितलेली एक गोष्ट उचला. ‘तुम्ही म्हणालात की दुसऱ्या शिफ्टला लेबल सुटतात, म्हणून दुसऱ्या डिंकाचे नमुने पाठवतोय’ या वाक्यात आभार, लक्ष आणि काम तिन्ही आलं.

समोरचा खरंच बरा नसेल तेव्हा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जेव्हा असतं तेव्हा ते बहुधा असं असतं. वडील गेले, ऑपरेशन झालं, पुरात गोडाऊन बुडालं. अशा माणसाच्या इनबॉक्समध्ये ‘होप धिस फाइंड्स यू वेल’ येऊन पडतं तेव्हा ते नुसतं शिळं राहत नाही, ते टोचतं. तुम्हाला माहीत असूनही तुम्ही ते लिहिलंत, असा त्याचा अर्थ होतो.

आधी विचार करा, हा मेल आत्ता पाठवायलाच हवा का? आठवडाभर थांबता येत असेल तर थांबा. कामाविषयी काहीच न लिहिता दोन ओळींचा वेगळा मेल किंवा फोन करा. थांबता येत नसेल तर पहिल्या वाक्यात ती गोष्ट साध्या शब्दांत म्हणा आणि दुसऱ्यात त्यांच्या डोक्यावरचा भार हलका करा:

```
I was very sorry to hear about your father.
Nothing below needs you this week; I have asked your colleague
in dispatch to handle the order.
```

दुसरं वाक्य इथे जास्त मोलाचं आहे, कारण त्यात सांत्वनासोबत काहीतरी केलेलं आहे. अर्थात ते आधी खरंच करून मग लिहायचं. आजाराचं नाव, मृत्यूचं कारण, ‘देवाची इच्छा’ यांपैकी काही लिहू नका. मेल आणखी कुणाला सीसी असेल तर त्या व्यक्तीची खाजगी गोष्ट सगळ्यांसमोर काढू नका. तिथे फक्त कामाची ओळ ठेवा आणि आपुलकीची ओळ वेगळी, एकट्याला पाठवा.

आनंदाच्या प्रसंगालाही हेच लागू. दिवाळीच्या सुट्टीवरून परतलेल्या माणसाला ‘फराळ संपला का?’ विचारण्यात गोडवा आहे, जर तो दिवाळी करतो हे तुम्हाला माहीत असेल आणि सुट्टीला आठवडा उलटला नसेल. नव्या वर्षाच्या शुभेच्छा जानेवारीच्या मध्यापर्यंत शोभतात, पुढे त्या वरातीमागून आलेल्या घोड्यासारख्या वाटतात. मुंबईत आदल्या रात्री लोकल बंद पडल्या असतील तर ‘काल घरी नीट पोहोचलात ना?’ ही खरी चौकशी आहे. आठवड्याने ती नुसती ओळ झालेली असते.

मराठीत लिहिताना

आता हाउसिंग सोसायटीपासून साहित्य मंडळापर्यंत बरेच मेल मराठीत जातात आणि इंग्रजीतली ती ओळ तिथेही ‘आशा आहे की आपण मजेत असाल’ असा वेश घेऊन शिरली आहे. ती काढून टाका. मराठीला सुरुवातीसाठी ‘सप्रेम नमस्कार’ किंवा ‘सस्नेह नमस्कार’ पुरेसा आहे. त्यात आदरही आहे, जवळीकही आहे, आणि त्यापुढे सरळ काम आलं तरी खटकत नाही. ‘सप्रेम नमस्कार. रविवारच्या सभेत ठरल्याप्रमाणे टाकीच्या गळतीची दोन दरपत्रकं सोबत जोडली आहेत. बुधवारपर्यंत आपलं मत कळवावं, ही विनंती.’ एवढ्यात संदर्भ, जोडपत्र, मागणी आणि मुदत सगळं आलं. सरकारी अर्जात मात्र ‘वरील विषयास अनुसरून’ ठेवलं तरी हरकत नाही. तिथला साचा ठरलेला आहे, आणि खरा संदर्भ वरच्या रकान्यात दिलेला असतोच.

कुठे ती ओळ राहू द्यायची

सगळीकडून चौकशी उपटून काढणं हाही अतिरेक होईल. जपानी भाषेतल्या कामाच्या मेलमध्ये ‘आपला स्नेह नेहमी लाभतो आहे’ अशा भावाचं ठरीव वाक्य सुरुवातीला येतंच, ते गाळलं तर मेल अर्धवट वाटतो. आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या लोकांना अनुभव असेल की तिथे सलाम आणि ख्यालीखुशालीआधी कामाचं बोलणं घाईचं समजलं जातं. तिथल्या जुन्या ग्राहकाला लिहिताना दोन ओळी चौकशीच्या खुशाल लिहा, फक्त त्यात मागच्या वेळी त्यांनी सांगितलेलं काहीतरी असू द्या. सगळ्यात सोपा नियम असा: समोरच्याने तुम्हाला पाठवलेला शेवटचा मेल उघडा आणि तो कशी सुरुवात करतो ते बघा. तो दोन शब्दांत कामावर येत असेल तर तुम्हीही या. तो आधी तुमची विचारपूस करत असेल तर तिला उत्तर द्या.

ते उत्तर कुठे द्यायचं, एवढंच राहिलं. त्याने नुसतं सवयीने ‘होप यू आर वेल’ लिहिलं असेल तर त्यावर काही लिहायची गरज नाही. पण ‘आईची तब्येत कशी आहे आता?’ असं विचारलं असेल, तर कामाचं सगळं लिहून झाल्यावर, नावाच्या वर, एक स्वतंत्र ओळ सोडा: ‘आई घरी आली आहे, काठी घेऊन चालते, विचारल्याबद्दल आभार.’ वर लिहिली तर कामाची गोष्ट खाली ढकलली जाते, आणि खाली लिहिली तर मेल बंद करताना शेवटी तीच वाचली जाते.